पान ३१ चा समास

संपादकबाईंकडून माझ्या आठवणींचं हस्तलिखित परत आलं ते समासात शिसपेन्सिलीने लिहिलेल्या एकशे बारा शंकांसकट. पहिल्या दिवशी मी त्या नुसत्या वाचल्या आणि फणफणलो. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन बसलो. ऱ्हस्व-दीर्घ, सुटलेली अवतरणचिन्हं असल्या साठेक शंका तासाभरात मुकाट मान्य झाल्या.

अडलो पान ३१ वर. मी लिहिलं होतं, ‘पानशेत फुटलं त्या रात्री आजी नारायण पेठेतल्या वाड्याच्या माळ्यावर बसून होती.’ समासात प्रश्न: ‘रात्री? १२ जुलै १९६१ ला धरण सकाळी फुटलं ना?’

बाईंचं बरोबर होतं. धरण सकाळी फुटलं, पाणी दिवसाउजेडी शहरात शिरलं. पण आजी जन्मभर ‘पानशेत फुटलं त्या रात्री’ असंच म्हणायची, कारण अंधारात चिखलाचा वास घेत काढलेली ती रात्र तिच्या डोक्यातून गेलीच नाही. मग वाक्य फोडलं. माझ्या निवेदनात सकाळ आली आणि ‘रात्री’ आजीच्या अवतरणात गेली. चूक करायचा हक्क तिला आहे, मला नाही.

आजीच्याच तोंडचं ‘ष्टो’ बाईंनी ‘स्टोव्ह’ केलं होतं. ते नाकारलं. नुसती फुली मारली तर तीच दुरुस्ती प्रुफात पुन्हा उगवते, म्हणून शेजारी लिहिलं, ‘आजीचा उच्चार. सगळीकडे असाच ठेवा.’

खरी मेख पुढच्या शंकेत. ‘बापूकाका इथे आठ वर्षांचे. पान ४७ वर १९६६ साली मॅट्रिक. तेराव्या वर्षी?’ काकांचा शाळा सोडल्याचा दाखला काढला. जन्म १९५०. म्हणजे पुरात ते अकरा वर्षांचे. आठाचे अकरा करायला कितीसा वेळ लागतो! पण दोन ओळी खाली माझं लाडकं वाक्य होतं: ‘बापूला कडेवर घेऊन आजी जिना चढली.’ अकरा वर्षांचा घोडा कडेवर? आठ वर्षांचा तरी कसा मावला असता, हे ना मला सुचलं होतं, ना बाईंना.

काकांना कोथरूडला फोन लावला.

“कडेवर मी कशाला असेन? सुमा होती,” काका म्हणाले. “मी मागून चढत होतो. ष्टो घेऊन.”

पान ३१ चा समास एव्हाना भरला होता. हे पाठीमागे लिहिलं आणि पुढे बाण काढला.