विहिरीचं पाणी आणि शाळेच्या शर्टाची पिवळी कॉलर

मुलाचा पांढरा टेरिकॉटचा शर्ट दोन महिन्यांत कॉलरजवळ पिवळा पडला आणि मी क्लोरीनचं ब्लीच वापरलं. डाग फिका होण्याऐवजी सगळा शर्टच सायीच्या रंगाचा झाला. कारण आमच्या विहिरीच्या पाण्यात होतं. जांभ्या दगडाच्या या पट्ट्यात पुष्कळ विहिरींच्या पाण्यात लोह असतं. पाणी उपसताना ते विरघळलेलं असतं, म्हणून दिसत नाही. क्लोरीन पडलं की त्याचा गंज होतो आणि तो थेट कापडावर बसतो. शिवाय क्लोरीनने सुती धागा झिजतो आणि कापडाला कारखान्यात दिलेली चमकही जाते. ती परत येत नाही.

आपल्या पाण्यात लोह आहे का, हे घरीच कळतं. पांढऱ्या बादलीत ताजं पाणी भरून रात्रभर ठेवायचं. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला किंवा वर तेलासारखा तवंग आला, तर आहे. मग शर्ट भिजवायला नळाचं पाणी घ्यावं. पावसाळ्यात तर पागोळ्यांचं उत्तम, त्यात लोह नसतं आणि साबणाला फेसही भरपूर येतो. फक्त सुरुवातीच्या सरींनी कौलं धुऊन निघू द्यायची.

कॉलरचा डाग मुळात तेलाचा. घाम, अंगाचं तेल आणि डोक्याला चोपडलेलं खोबरेल कॉलरच्या घडीत मुरतं आणि त्यावर तांबडी धूळ चिकटते. टेरिकॉटमधला पॉलिस्टर तेल घट्ट धरून ठेवतो. म्हणून तेल आधी काढायचं आणि रंगाकडे नंतर वळायचं. हा क्रम उलटला की भिजवण्याचं पाणी तेलाच्या थराखाली पोचतच नाही.

कॉलर कोरडीच ठेवून घडीच्या रेषेवर भांडी घासायचं लिक्विड एक छोटा चमचा पसरते. कापड ओलं असलं तर लिक्विड पातळ होऊन वाहून जातं. मऊ दातब्रशने रेषेच्या दिशेने हलक्या हाताने घासायचं, आडवं नाही. कडक ब्रशने घडीवर कापूस फुलतो आणि त्या लवेत पुढचा मळ जास्त धरतो. वीस मिनिटांनी कोमट पाण्याने धुते. ओल्या कॉलरवर बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं तर तेल अजून आहे, तेव्हा पुन्हा एकदा तेच.

मग सोडियम परकार्बोनेट. दुकानात ते ऑक्सिजन ब्लीच म्हणून मिळतं. दोन लिटर उकळत्या पाण्यात तीन लिटर साधं पाणी मिसळलं की हात फार वेळ ठेववत नाही इतकं गरम राहतं. त्यात एक मोठा चमचा पूड पूर्ण विरघळवून शर्ट दोन तास बुडवून ठेवते. गार पाण्यात ही पूड फारशी काम करत नाही. बिल्ला रंगीत धाग्याने शिवलेला असेल तर आधी आतल्या शिवणीला थेंब लावून दहा मिनिटांनी रंग सुटतो का पाहावं. लोखंडी बादली किंवा गंजलेला हूक या पाण्यात नको, लोहाशी गाठ पडली की तिथेच कापड कुजतं. उरलेलं पाणी बाटलीत बंद करून ठेवू नये, त्यातून वायू निघतो आणि बाटली फुटू शकते.

सायीच्या रंगाच्या त्या शर्टाला मात्र एवढ्याने गुण आला नाही, कारण तो पिवळेपणा गंजाचा होता. गंज आम्लाने सुटतो. आमच्याकडे जुनी माणसं गंजाच्या डागावर बिंबल चोळायची, ती त्यातल्या आम्लासाठीच. पण फळातल्या आम्लाचं प्रमाण कळत नाही, म्हणून मी दोन लिटर कोमट पाण्यात सायट्रिक ॲसिडचा एक छोटा चमचा घेते. अर्धा तास भिजवून तीन पाण्यांत खळबळायचं. क्लोरीनचा वास कापडाला राहिला असेल तर आम्ल लावायचंच नाही, विषारी वायू होतो. आधी शर्ट पुष्कळदा धुऊन वास पूर्ण घालवावा. दोन खेपांनंतर माझ्या शर्टाचा गंज गेला. कारखान्याची चमक गेली ती गेलीच.

नीळ अगदी शेवटी. ती पिवळेपणा काढत नाही, नुसता झाकते. वाटीभर पाण्यात चार थेंब ढवळून मग अर्ध्या बादलीत ओतायची आणि शर्ट उलगडून बुडवायचा. थेट ओतली की निळे ठिपके पडतात.

इस्त्री करण्याआधी कॉलर उजेडात धरून पाहते. पिवळी रेषा दिसली तर इस्त्री नाही, पुन्हा लिक्विडपासून सुरुवात, कारण उष्णतेने तेल धाग्यात पक्कं बसतं. पावसाळ्यात पंख्याखाली शर्ट उलटा, कॉलर उभी करून वाळत घालते. घडी मिटलेली राहिली की सगळा शर्ट वाळतो, पण कॉलर आतून ओलीच राहते आणि दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके दिसू लागतात.