एका टिंबामुळे वाढलेली शुगर

मी लॅबमधे टेक्निशियन आहे, सकाळी घरोघरी जाऊन ब्लड सॅम्पल घेतो. पुण्यात सहकारनगरमधे आमचे बरेच पेशंट आहेत आणि त्यातले निम्मे सकाळी तळजाई टेकडीवर फिरायला जातात, त्यामुळे फास्टिंगचं सॅम्पल घ्यायला गेलं की बेल वाजवून उपयोग नसतो. परवा अण्णांना फोन केला तर म्हणाले आम्ही उतरतोच आहोत, तिथेच ये. गेलो. अण्णा आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरचे नाना, दोघं नेहमीसारखे गप्पा मारत येत होते, मी पण बॅग घेऊन त्यांच्याबरोबर चालायला लागलो.

विषय अर्थातच शुगर. दोघांकडे घरी मीटर आहे.

अण्णा म्हणाले, "आज माझी एकशे बेचाळीस."
नाना खुश. "अहो मग सेम टू सेम! माझी पण चौदा पॉइंट दोन. फक्त टिंब मधे आलंय."
"कंपनी वेगळी असेल हो," अण्णा म्हणाले, "त्यांची दाखवायची पद्धत वेगळी."

मी थांबलोच. विचारलं, काका मीटर कुठनं घेतला? तर मुलाने इंग्लंडहून पाठवलाय. म्हटलं झालं.

गोष्ट अशी आहे की आपल्याकडचा मीटर साखर वजनात सांगतो, म्हणजे एक डेसिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम. ब्रिटनमधे एका लिटरमधे ग्लुकोजचे रेणू किती ते मोजतात, मिलिमोलमधे. दोन्ही आकडे बरोबर, फक्त त्यांचा आकडा आपल्यात आणायचा तर १८ ने गुणायचं, टिंब पुढे सरकवून म्हणजे १० ने गुणून चालत नाही. १४.२ गुणिले १८ म्हणजे जवळपास २५६, आणि तेही उपाशीपोटी! अण्णांची १४२ सुद्धा काही पेढे वाटण्यासारखी नव्हती, पण २५६ कुठे आणि १४२ कुठे.

नानांना पटेना. "अरे पण सुरुवातीला सहा पॉइंट एक यायची. म्हणजे एकसष्ट. अण्णाच म्हणाले, ७० च्या खाली गेली तर चक्कर येऊन पडाल, गूळ खा."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ६.१ म्हणजे खरी ११०, गोळ्या घेणाऱ्या माणसाला अगदी छान, पण यांनी ६१ समजून घाबरून रोज सकाळी गुळाचा खडा सुरू केला आणि संध्याकाळची गोळी स्वतःच्या मनाने बंद केली, डॉक्टरला न विचारता. मग आकडा चढत गेला, ८, ११, १४, आणि यांना वाटलं चला आता ऐंशी, एकशे दहा, शुगर जागेवर येतेय. मी विचारलं रात्री लघवीला उठता का? म्हणाले तीन-चारदा, पण ते प्रोस्टेटचं असेल, वय झालं. तहान? "ऊन किती आहे बघ की." प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार.

घरी जाऊन मीटर बघितला. आकड्याखाली बारीक अक्षरात mmol/L लिहिलेलं होतं, आपल्या मीटरवर तिथे mg/dL असतं. चष्म्याशिवाय कोणाला दिसणार ते. नानांना साबणाने हात धुवून, कोरडे करून परत टेस्ट करायला लावली, कारण बोटाला गुळाचा चिकटा राहिला तरी आकडा फुगतो. १३.९ आली. म्हणजे २५०, बोटाचा दोष नव्हता.

त्या दिवशी अजून काही खाल्लेलं नव्हतं म्हणून डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी मागवली आणि अण्णांच्या बरोबरीने त्यांचं पण सॅम्पल घेतलं, एक शुगरची ट्यूब आणि एक एचबीएवनसीची. लॅबमधे फास्टिंग २४१ आली. मीटर आणि लॅबमधे १५ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, त्यामुळे इंग्लंडचा मीटर बिचारा चोख होता. एचबीएवनसी ९.१, म्हणजे गडबड एका दिवसाची नाही, दोन-तीन महिन्यांची सरासरीच वर गेलेली. गोळ्या किती आणि कधी हे सांगणं माझं काम नाही, ते मी सांगितलं पण नाही, फक्त रिपोर्ट घेऊन आजच्या आज डॉक्टरकडे जा म्हटलं. संध्याकाळची गोळी परत सुरू झाली आणि गूळ बंद.

दुसऱ्या दिवशी अण्णांचा फोन, मीटरमधलं युनिट बदलता येतं का? बऱ्याच मीटरमधे ते कारखान्यातूनच फिक्स येतं, नानांच्या पण तसंच होतं. शेवटी त्यांनी इथलाच एक घेतला. मग मागून नानांचा आवाज, "त्याला विचार, इंग्लंडच्या दोन डब्या पट्ट्या उरल्यात, त्या नव्या मशीनला चालतील का?" नाही चालणार काका, पट्टी त्या-त्या मॉडेलचीच लागते.