कपबशीतली थरथर

«पाहुण्यांसमोर तुमच्या हातातली कपबशी वाजायची, तळवे घामेजायचे, चेहरा लाल व्हायचा. हे सगळं कसं कमी केलंत?»

थरथर पूर्णपणे गेलेली नाही, पण ती लपवण्याची धडपड मी सोडली आणि त्यानंतर ती बरीच उतरली. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन वाढते आणि प्रत्येकाच्या हातात मुळातच असलेला सूक्ष्म कंप मोठा होतो. तो दिसू नये म्हणून मी बशी घट्ट आवळून, कोपर अंगाशी दाबून धरत असे. स्नायू ताठ झाल्याने कप अधिकच वाजे. शिवाय सारे लक्ष स्वतःच्या हाताकडे आणि तापलेल्या गालांकडे असल्यामुळे समोरचा काय बोलला, हे मला अनेकदा कळतच नसे.

मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी माझे दोनदा चित्रीकरण केले: एकदा नेहमीसारखा कप आवळून, आणि एकदा बोटे सैल सोडून, समोरच्याकडे पाहत. चित्रफीत पाहण्याआधी थरथर किती दिसेल याला मी दहापैकी नऊ गुण दिले होते. पाहिल्यावर पहिल्या वेळेला चार आणि दुसऱ्या वेळेला दोनच द्यावेसे वाटले. गालांची लाली तर मला शोधावी लागली. आत जाणवते तेवढे बाहेर दिसते, हा माझा समज तिथे मोडला. पुढे मी घरी वहिनींसमोर मुद्दाम थोडा चहा बशीत सांडू दिला. त्यांनी फडक्याने बशी पुसली आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली.

घामाचे मात्र वेगळे औषध आहे, आणि ते वर्षानुवर्षे मी घेतले नाही याचे मला खरोखर वाईट वाटते. त्वचारोगतज्ज्ञांनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण दिले. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या तळव्यांना लावायचे आणि सकाळी धुऊन टाकायचे. ओल्या त्वचेवर ते झोंबते. तळव्यांना घाम आणणारा मज्जातंतू छातीत कापण्याची शस्त्रक्रिया मी नाकारली, कारण तिच्यानंतर पाठीला आणि पोटाला अधिक घाम सुटू लागल्याची तक्रार पुष्कळांची असते. भाषणापूर्वी काहींना प्रोप्रॅनोलॉल दिले जाते. त्याने हात स्थिर राहायला मदत होते, पण दमा असलेल्यांना ते धोक्याचे असल्याने डॉक्टरांवाचून घेऊ नये.

तुमचा हात एकटे असतानाही पाणी ओतताना कापत असेल, किंवा झोपेतही घाम सुटत असेल, तर आधी थायरॉइड आणि इतर तपासण्या करून घ्या. निव्वळ भीतीचा तळव्यांचा घाम झोपेत सहसा थांबतो.

आता पाहुण्यांना कप देताना मी आधीच सांगते, «माझा हात थोडा थरथरतो, कप जरा सांभाळून घ्या,» आणि त्यांच्या प्रवासाची चौकशी करते.