हॉलचं स्कर्टिंग आणि चार टाइल्सचा एक बॉक्स

सांगलीतल्या आमच्या फ्लॅटची फरशी बदलायची ठरली, तेव्हा फरशीचा हिशोब दुकानदारानेच करून दिला. खोलीचे चौरस फूट, त्यावर थोडी तूट, इतके बॉक्स. स्कर्टिंगचं, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या, त्याच टाइल्समधून कापलेल्या पट्ट्यांचं विचारल्यावर मात्र तो म्हणाला, "त्याला एखादा बॉक्स जास्त घ्या." एखादा म्हणजे किती? दोन बाय दोनच्या बॉक्समध्ये चार टाइल्स येतात. कमी पडल्या तर नंतर त्याच शेडचा बॉक्स मिळेलच असं नाही, आणि उरल्या तर माळ्यावर धूळ खात पडतात. म्हणून मी टेप घेऊन हॉलमध्ये उतरले.

हॉल १६ फूट बाय ११ फूट. चारही भिंती मिळून ५४ फूट. दारं वजा केली: मुख्य दार ३ फूट ४ इंच, बेडरूमचं २ फूट १० इंच, बाल्कनीचं सरकतं दार ६ फूट आणि स्वयंपाकघरात जायची बिनदाराची मोकळी जागा ४ फूट. खिडक्यांना हात लावायचा नाही, त्यांच्याखालून स्कर्टिंग जातंच. उरले ३७ फूट १० इंच. वहीत आकडा लिहून मी मिस्त्रीमामांना दाखवला.

मामांनी वही पाहिली आणि मुख्य दाराच्या चौकटीवर टिचकी मारली. "ताई, ही कुठं गेली?" मी चौकटीच्या आतली मोकळी रुंदी मोजली होती. स्कर्टिंग थांबतं चौकटीच्या बाहेरच्या कडेला. दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच लाकूड धरलं की मुख्य दार ३ फूट १० इंचाचं होतं आणि बेडरूमचं ३ फूट ४ इंचाचं. म्हणजे आणखी एक फूट वजा. मग ते स्वयंपाकघराच्या मोकळ्या जागेपाशी गेले. तिथे चौकट नाही, त्यामुळे भिंतीची सहा इंच जाडी दोन्ही बाजूंना उघडी दिसते आणि तिलाही पट्टी लागते. तो एक फूट मिळवायचा. लांबच्या भिंतीच्या मधोमध कॉलम चार इंच पुढे आलेला आहे. त्याचा पुढचा भाग भिंतीच्या मापात धरलेला असतो, पण त्याच्या दोन बाजू नसतात. ते आठ इंच आणखी.

हिशोब झाला ३८ फूट ६ इंच. माझ्या पहिल्या आकड्यापेक्षा फक्त आठ इंच जास्त, कारण माझ्या दोन चुकांनी एकमेकींना जवळपास खाऊन टाकलं होतं. 

आता पट्ट्या. दोन बाय दोन म्हणतो ती टाइल असते ६०० मिलिमीटरची, म्हणजे साधारण २३.६ इंच. दोन फूट भरत नाहीत. ३८ फूट ६ इंच म्हणजे ४६२ इंच. त्याला २३.६ ने भागलं की १९.६ येतात, म्हणून २० पट्ट्या.

एका टाइलमधून किती पट्ट्या निघतात, इथे खरी गंमत झाली. मी सांगितलं होतं, "चार इंच उंची, म्हणजे १०० मिलिमीटर." सहाशे भागिले शंभर सहा, असं माझं शाळकरी गणित. पण कटरचं पातं दर कापाला सुमारे दोन मिलिमीटर खाऊन टाकतं. सहा पट्ट्यांना पाच काप, म्हणजे दहा मिलिमीटर चुरा. पूर्ण शंभरच्या पाचच पट्ट्या निघतात आणि नव्वदची एक निरुपयोगी चिपाटी उरते. चार टाइल्समध्ये बरोबर वीस. एक जरी फुटली, तरी काम अडलं.

मामांनी सुचवलं, "अठ्ठ्याण्णव धरा." सहा गुणिले ९८ म्हणजे ५८८, त्यात दहा मिळवले की ५९८. टाइलमध्ये बसतं. दोन मिलिमीटर उंची कुणाच्या डोळ्यांत भरणार नव्हती, आणि चार टाइल्समधून चोवीस पट्ट्या मिळणार होत्या. मी लगेच हो म्हटलं.

तरीही वीस पट्ट्या पुरतील, हे फक्त एका अटीवर. पट्टी सलग दोरीसारखी नसते. प्रत्येक दार, कोपरा आणि कॉलम तिला तोडतो, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी थोडं उरतं. मी बॉक्सच्या पुठ्ठ्यावर भिंतीगणिक मापं लिहिली. पूर्ण पट्ट्या निघाल्या पंधरा, आणि तेरा लहान तुकडे. मामांच्या हाताखालच्या पोराने पहिल्याच सहा इंची तुकड्यासाठी नवी पट्टी उचलली, तेव्हा मी ओरडलेच. तेरा तुकड्यांना तेरा नव्या पट्ट्या म्हणजे एकूण अठ्ठावीस, आणि आमच्याकडे होत्या चोवीस.

मग तुकडे एकमेकांत बसवले. कॉलमच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीला तीन पूर्ण पट्ट्यांनंतर १९.१ इंच लागत होते. तिथली पट्टी कापल्यावर चार-साडेचार इंच उरतात, आणि कॉलमच्या बाजूला चारच इंच हवे होते. अशा दोन पट्ट्या लागल्या. कॉलमच्या पुढच्या भागाचे बारा इंच, मुख्य दाराशेजारचे नऊ आणि एका कोपऱ्यातले २.४ मिळून एक पट्टी. ती अगदी काठावर बसत होती, म्हणून तिला मी स्वतः खुणा केल्या. बाकीचे सहा-साडेसहा इंचांचे सहा तुकडे दोन पट्ट्यांत आले. पाच पट्ट्यांत तेरा तुकडे, एकूण वीस.

एक जागा मला छळत होती. बेडरूमच्या दारापासून कोपऱ्यापर्यंत भिंत बरोबर दोन फूट होती, आणि पट्टी तिथे जवळजवळ दहा मिलिमीटर कमी पडत होती. एवढ्या फटीत तुकडा बसवणं म्हणजे दातात टूथपिक. मामा म्हणाले, "आधी शेजारची भिंत लावू." शेजारच्या पट्टीची जाडी आणि तिच्यामागचा मसाला कोपऱ्यात इतकी जागा खातो की ती फट मिटलीच. उलट मसाला जास्त झाल्यामुळे पट्टी थोडी घासावी लागली.

शेवटी कडांचा प्रश्न. एका टाइलच्या सहा पट्ट्यांपैकी फक्त दोन टोकाच्या पट्ट्यांना कारखान्याची एक सरळ कड असते. मधल्या चारांच्या दोन्ही कडा कापलेल्या, त्यामुळे वर बारीक टवके दिसतात. त्या आठ चांगल्या पट्ट्या आम्ही लांबच्या भिंतीला, कड वर करून लावल्या. तिथे पूर्ण सहा आणि १९.१ इंचांच्या दोन अशा नेमक्या आठ लागत होत्या. मधल्या पट्ट्यांच्या वरच्या कडा मशीनने घासून गोलसर केल्या आणि त्या सोफ्यामागे, दारांशेजारी गेल्या.

एक पट्टी कापताना मध्येच तुटली, तीन उरल्या. बॉक्स एकच लागला. बारा, नऊ आणि २.४ इंचांची ती काठावरची पट्टीही बसली. त्यातला नऊ इंचांचा तुकडा मुख्य दार उघडलं की त्याच्या मागे लपतो.