तुम्ही विचारलंत म्हणून : साखरेची गोळी

"तुम्ही एका भाषांतरात 'मूत्रपिंड' लिहिता आणि दुसऱ्यात 'किडनी'. मग बरोबर शब्द कोणता, आणि ते तुम्ही ठरवता कसं?"

दोन्ही बरोबर आहेत. कोणता वापरायचा, ते कागद कुणाच्या हातात जाणार यावर ठरतं. आरोग्य खात्याच्या परिपत्रकात मी 'मूत्रपिंड विकार' लिहिते. तो कागद वाचणारा माणूस आधीची परिपत्रकं, नोंदवह्या आणि शासन निर्णय समोर ठेवून काम करतो, आणि सगळीकडे तोच शब्द असला तरच त्याला कागदाला कागद जुळवता येतो. तिथे 'किडनी' घातला तर त्याचं काम वाढतं. पण माझं बरंचसं काम औषध-चाचण्यांच्या संमतीपत्रांचं आहे. तो कागद रुग्ण वाचतो, किंवा त्याला वाचून दाखवला जातो. रुग्णाला लिहिता-वाचता येत नसेल, तर चाचणीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर तो वाचून त्याचा अंगठा घेतला जातो. २०१९च्या औषध-चाचणी नियमांत तशी तरतूदच आहे. तिथे 'किडनी' लिहायला मला एक क्षणही लागत नाही.

खरी अडचण पुढे येते. 'सोपं लिहायचं' एवढं ठरवून भागत नाही. ते मला मधुमेहाच्या एका चाचणीच्या कागदानं शिकवलं, म्हणून तोच सांगते.

रुग्णांची नेहमीची औषधं चालू ठेवून त्यांच्या जोडीला एक नवी गोळी द्यायची होती. काहींना खरी गोळी, काहींना हुबेहूब तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. दुसऱ्या गोळीला इंग्रजीत 'प्लासिबो' म्हणतात. माझ्या आधीच्या भाषांतरकारानं 'छद्म औषध' लिहिलं होतं. छद्म म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना सांगता आलं असतं. ज्यांना सांगता आलं असतं, त्यांच्याही मनात 'छद्मी' आला असता, म्हणजे कपट. 'खोटी गोळी' त्याहून वाईट, कारण दवाखान्यात खोटी गोळी देतात म्हटल्यावर माणूस उठून जाईल. मग मला सुचलं, 'साखरेची गोळी'. छान, घरगुती, समजायला सोपं. मी ते लिहूनही टाकलं.

कागद अंतिम करण्याआधी आम्ही तो रुग्णांसारख्याच चार-पाच जणांना वाचून दाखवतो आणि म्हणतो, आता तुमच्या शब्दांत सांगा. साठीच्या एका बाईंनी शांतपणे सांगितलं, "दोघांनाबी औषधच हाय की. एकाला नवी गोळी, एकाला साखरेची." त्यांच्या घरी 'साखरेची गोळी' म्हणजे मधुमेहाची रोजची गोळी. तिला दुसरं नावच नाही. मी निवडलेला सगळ्यात सोपा शब्द नेमका उलटा अर्थ घेऊन पोचला होता. शेवटी लिहिलं, "दिसायला तशीच, पण आत औषध नसलेली गोळी." लांब आहे, पण त्यात दुसरा अर्थ शिरायला जागा नाही.

त्याच कागदात दुसरा खड्डा होता. रक्तातली साखर फार खाली गेली तर काय होतं, ते सांगायचं होतं. आधीच्या मसुद्यात 'रक्तशर्करा अल्पता' होतं. ते काढून 'साखर कमी होणे' लिहावं, हे कुणालाही सुचेल. पण मधुमेह असलेल्या माणसाला डॉक्टर वर्षानुवर्षं सांगत आलेले असतात, साखर कमी करा. 'साखर कमी झाली' ही त्याच्या घरात आनंदाची बातमी असते. इथे मात्र ती धोक्याची सूचना व्हायला हवी होती. शेवटी लिहिलं, "शुगर एकदम फार खाली जाणे (७०च्या खाली)", आणि ते ओळखायचं कसं तेही : हातपाय थरथरणं, दरदरून घाम फुटणं, डोळ्यांसमोर अंधारी येणं, पोटात आग पडल्यासारखी भूक लागणं. 'कंप', 'अतिस्वेद', 'क्षुधा' हे शब्द बरोबर असूनही मी ते काढले, कारण हा त्रास रात्री दोन वाजता होतो आणि तेव्हा माणसाला स्वतःच्या अंगावरून तो ओळखता यायला हवा. ओळखला तर तो उठून साखर खाईल.

अंगाच्या दुखण्याबाबत रोजची मराठी संस्कृतपेक्षा नेमकी आहे, असं माझं पक्कं मत आहे. 'वेदना' एकच, पण आपण ठणका, कळ, चमक, आग, रग वेगवेगळे ओळखतो. डॉक्टरलाही तोच फरक हवा असतो. अपवाद एकच सांगते. यकृताला खरा मराठी शब्द 'काळीज'. खाटकाकडे काळीज मागितलं की यकृतच मिळतं. पण संमतीपत्रात 'काळजाला सूज' लिहिलं, तर सगळे छातीवर हात ठेवतील. तिथे 'लिव्हर'च.

आता गट कसे पाडतात ते. इंग्रजीतल्या 'रँडम' या शब्दाला आमच्याकडे 'यादृच्छिक' हा शब्द आहे. संख्याशास्त्राच्या पुस्तकात तो हवाच, दुसरा कुठलाही चालणार नाही. रुग्णासाठी 'चिठ्ठ्या टाकून' लिहावं, तर 'नंबर लागला' हा भाव येतो, जणू औषध म्हणजे बक्षीस. 'नाणेफेकीसारखं' बरं वाटतं, पण दोन्ही गट सारखे असतील तेव्हाच. या चाचणीत प्रमाण दोनास एक होतं. तिथे नाणेफेकीची उपमा चूक माहिती देते. म्हणून लिहिलं, "तीनपैकी दोघांना औषधाची गोळी मिळेल, एकाला औषध नसलेली. कुणाला कोणती, हे कॉम्प्युटर ठरवेल. तुम्हाला कळणार नाही आणि तुमच्या डॉक्टरांनाही कळणार नाही."

हे सगळं केल्यावर कागद उलट भाषांतराला जातो, म्हणजे दुसरा कुणी माझी मराठी पुन्हा इंग्रजीत करतो आणि तपासणारा ती मूळ इंग्रजीशी ताडून पाहतो. अवघड शब्दांचा खरा मोह इथे आहे. 'छद्म औषध' परत जाताना बिनचूक 'प्लासिबो' होतं आणि तपासणारा खूण करून मोकळा होतो. माझं लांबलचक वाक्य परत गेलं की शेरा येतो, 'मूळ शब्द कुठे आहे?' म्हणून मी प्रत्येक बदललेल्या शब्दापुढे कारण लिहिलेला एक कागद सोबत जोडते. वेळ जातो, पण त्याशिवाय रुग्णाचा शब्द टिकत नाही.

एका ठिकाणी मात्र मी रुग्णाच्या कागदातही शास्त्रीय शब्दच धरते. 'महारोग' सगळ्यांना कळतो, तरी मी 'कुष्ठरोग' लिहिते. पहिल्या शब्दाला वाळीत टाकण्याचा वास आहे, आणि ज्याच्या हातात तो कागद आहे त्याला तो पुन्हा द्यायचा नाही.

त्या बाईंना बदललेला कागद आम्ही पुन्हा वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हंजे गोळी तशीच दिसणार, औषध असंल न्हाईतर नसंल, आन् डॉक्टरलाबी ठावं न्हाई." मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, "आन् माझी रोजची साखरेची गोळी? ती बंद करायची का?" ते उत्तर मूळ इंग्रजीत चौथ्या पानावर एका लांब वाक्याच्या शेवटी दडलं होतं. आम्ही चाचणीला मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीची परवानगी घेऊन ते पहिल्या पानावर आणलं : "तुमची रोजची शुगरची गोळी चालूच ठेवायची."