दुपारी 2 ते 5 बंद : आमची वाटचाल

राजारामपुरीतलं आमचं मेडिकल 2001 साली सुरू झालं. पैसा मामेभावाचा, डी. फार्म. माझं. त्यानं सागवानी काउंटर करून घेतला, मी रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीला लावलं, आणि दोघांनी हौसेनं पाटी रंगवून घेतली : सकाळी 8.30 ते रात्री 10.30, रविवारीही चालू. रोजचे 14 तास, आठवड्याचे 98. लायसन्सवर फार्मासिस्ट एकच, मी. हे गणित त्या दिवशी दोघांपैकी कुणीही केलं नाही. पुढची 15 वर्षं बरी गेली.

आता ते तास भरायचे कसे, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. दुपारी दोनला मी घरी जायचो, जेवायचो, जरा पडायचो, पाचला परत. मधल्या वेळेत काउंटरवर आमचा पोरगा. अकरा वर्षं कामाला होता, कुठलं औषध कुठल्या खणात हे माझ्याआधी त्याला आठवायचं. पण चिठ्ठीवरचं औषध फार्मासिस्टच्या हातून, नाहीतर त्याच्या समोर जायला पाहिजे, आणि बिलावर त्याची सही पाहिजे. म्हणून मी सकाळीच बिलबुकातल्या तीस-चाळीस कोऱ्या बिलांवर सह्या करून ठेवायचो. खाली कार्बन, म्हणजे स्थळप्रतीवरही सही आपोआप. हे मी लाजत सांगतोय, पण सांगतोय.

2016 च्या पावसाळ्यात एका रात्री मी दिवसभराची बिलं चाळत होतो. मंगळवार पेठेतल्या आक्कांचं बिल होतं, पहिल्या वर्षापासूनचं आमचं गिऱ्हाईक. मेथोट्रेक्सेट 7.5, दहा गोळ्या, दुपारी नेलेल्या. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घसरतात, माणूस जाऊ शकतो. पोराला विचारलं, पाकिटावर काय लिहिलंस? म्हणाला, “नेहमीचंच की, रोज रात्री एक.” चिठ्ठीवर डॉक्टरांनी ‘मंगळवारी’ असं बारीक लिहिलं होतं. त्याला वाटलं, मंगळवारपासून चालू करायच्या.

मी तसाच गाडी काढून पावसात आक्कांच्या घरी. त्या जेवून उठल्या होत्या, पाकीट तांब्याशेजारी ठेवलेलं, एकही गोळी घेतली नव्हती. मी पाकिटावरचं खोडून ठळक लिहिलं : फक्त मंगळवारी, आठवड्यातून एकच. त्या म्हणाल्या, “एवढ्या पावसात कशाला आलास रे बाबा, फोन करायचास की.” मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पोराला झापलं, आणि दोन वाजता परत जेवायला गेलो. इथं चूक पोराची नव्हती, हे कळायला मला अजून तीन आठवडे लागले.

तीन आठवड्यांनी दुपारी पावणेतीनला औषध निरीक्षक आले. कुणीतरी तक्रार केली होती. कुणी केली ते मला माहीत आहे असं मी म्हणणार नाही, पण समोरच्या दुकानदाराला त्या दिवशी आमच्या दारावरून चार वेळा जायचं काय काम होतं? निरीक्षकांनी बिलबुक मागितलं. पुढची सव्वीस बिलं कोरी, आणि सव्वीसही बिलांवर माझी सही. त्यांना दुसरं काही बघायची गरजच उरली नाही. तपासणीच्या पुस्तकात शेरा, मग कारणे दाखवा नोटीस, मग आठ दिवसांसाठी लायसन्स निलंबित. निकालाविरुद्ध तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. मामेभाऊ वकील करूया म्हणत होता. मी नाही म्हटलं. सह्या माझ्याच होत्या, अपिलात काय सांगणार?

आठ दिवस शटर खाली. फ्रीज चालू ठेवायला मी रोज मागच्या दारानं जायचो, इन्सुलिनचा थर्मामीटर बघायचो आणि परत यायचो. समोरच्या मेडिकलमध्ये गर्दी. तिथल्या भिंतीवरही एक सर्टिफिकेट आहे, फोटोसकट. त्या फोटोतला माणूस मी आजवर एकदाही त्या काउंटरवर पाहिलेला नाही. दुकान चोवीस तास चालू.

शटर उघडल्यावर मी गल्ल्याशेजारी शंभर पानी वही ठेवली आणि महिनाभर प्रत्येक तासाला किती चिठ्ठ्या आल्या त्याच्या रेघा मारल्या. सकाळी साडेदहा ते दीड आणि संध्याकाळी सहा ते साडेनऊ, ओपीडी सुटायच्या वेळा, यातच शंभरातल्या सत्तरावर चिठ्ठ्या. दुपारी दोन ते पाचमध्ये जेमतेम आठ-नऊ, बाकी डायपर आणि टूथपेस्ट. ज्या तीन तासांसाठी मी लायसन्स पणाला लावत होतो, त्यात गल्ल्यात पडत काय होतं तर हे.

दुसरा फार्मासिस्ट ठेवायचाही हिशोब केला. तेव्हा नोकराला दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांवर राबवता येत नव्हतं. म्हणजे 98 मधून 48 गेले, तरी 50 माझ्या डोक्यावर, एकही तास एकमेकांवर न येता, आणि कुणी आजारी पडला की पुन्हा तोच खड्डा. पाटीप्रमाणे दुकान चालवायला दोन नव्हे, अडीच माणसं लागत होती. आमच्या विक्रीत तेवढे पगार बसत नव्हते.

म्हणून पाटी बदलली. सकाळी 9.30 ते 2, संध्याकाळी 5 ते 10, रविवारी फक्त 10 ते 1. साडेनऊ तासांचे सहा दिवस म्हणजे 57, आणि रविवारचे 3, एकूण 60. यातला प्रत्येक तास मी स्वतः उभा. मामेभावाला पटलं नाही. म्हणाला, “दिवा विझला की गिऱ्हाईक गेलं.” पुढच्या वर्षी त्यानं भागीदारी सोडली. त्याचे पैसे मी तीन वर्षांत फेडले. काउंटर मात्र त्याचाच आहे अजून, घासून घासून कडा गोल झाल्यात.

महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्यांची तारखेनुसार वही केली. मी गावाला जाणार असलो की त्यांना आधीच फोन : चिठ्ठी घेऊन आज या, परवा बंद आहे. बँकेत दहा मिनिटं जायचं झालं तरी काउंटरला साखळी लागते. साबण-डायपर पोरगा देतो, गोळी नाही. चिठ्ठी घेऊन आलेल्याला बाकावर बसवतो. कुणी चिडतं. चिडू दे.

2019 पासून सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या एक फार्मासिस्ट बाई आठवड्यातल्या तीन संध्याकाळी येतात. तरुण दुकानदारांना सांगतो, ओळखीचा आहे म्हणून कुणालाही एका दिवसासाठी काउंटरवर उभं करू नका. नेमणूकपत्र, कौन्सिलचं चालू असलेलं रजिस्ट्रेशन, त्यांची लेखी संमती, दुसऱ्या दुकानाच्या लायसन्सवर नाव नसल्याची खात्री, हे सगळं जोडून आधी अर्ज करा. बाईंचं नाव लायसन्सवर चढेपर्यंत त्या माझ्या शेजारी नुसत्या बसायच्या, पाकिटं लिहून द्यायच्या. सही माझी. आता त्या संध्याकाळी सही त्यांची असते, आणि बिल फाडताना करायची, सकाळी नाही.

आक्का अजून येतात. पाचला पाच मिनिटं असतानाच पायरीवर बसलेल्या असतात. शटर वर गेलं की आधी पाकीट पुढं करतात आणि म्हणतात, “मंगळवार लिही.” छापील शिक्का करून घेतलाय मी त्यासाठी, लाल शाईचा. तरी त्यांना पेनानं लिहिलेलंच लागतं.