आमची वाटचाल : गल्ला, खर्चाची पेटी आणि रात्रीचा मेळ

आमचं दुकान चोपडा तालुक्यात आहे. पीव्हीसी पाईप, ठिबकचं सामान, व्हॉल्व्ह, मोटारीचे सुटे भाग असा माल. गिऱ्हाईक मुख्यतः केळी आणि कापसाचं. काउंटरवर दोघं, गोडाऊनला एक आणि वसुलीला एक, असे चार मदतनीस आहेत. पहिली काही वर्षं सगळी रोकड एकाच गल्ल्यात असायची. विक्रीचे पैसे त्यातच पडायचे, हमाली, चहा, रिक्षाभाडं त्यातूनच जायचं आणि घरच्यांना लागले तर तेही तिथूनच काढायचे. रात्री मोजणी व्हायची, पण आकडा नेमका कशाशी ताडायचा हेच ठरलेलं नव्हतं. अशा गल्ल्यातून कुणी रोज शंभर काढले तरी कळायला मार्ग नसतो. त्याहून वाईट म्हणजे, कुणीच काढले नसले तरी संशय सगळ्यांवर राहतो.

पहिला बदल साधा होता. गल्ल्यातून खर्च करायचाच नाही. गल्ल्यात पैसे फक्त येतात. बाहेर जातात ते दोनच वाटांनी: गिऱ्हाइकाचा माल परत आला तर, नाहीतर थेट तिजोरीत. खर्चासाठी वेगळी पत्र्याची पेटी केली आणि तिच्यात कायम २,००० रुपयांचा हिशोब ठेवला. पेटी केव्हाही उघडली तरी आतली रोकड आणि आतल्या चिठ्ठ्या मिळून २,००० भरलेच पाहिजेत. १,२६० च्या चिठ्ठ्या असतील तर ७४० रोख. शनिवारी चिठ्ठ्या काढून खर्चवहीला लावायच्या आणि तेवढीच रक्कम तिजोरीतून पेटीत टाकायची. अंदाजाने "अजून हजार टाका" असं एकदा जरी झालं, तरी पेटीचा अर्थ संपतो.

पेटीतली चोरी छोटी असते आणि ती चिठ्ठीतून होते. ८० रुपयांच्या हमालीपुढे १ लिहिला की १८० होतात. म्हणून रक्कम आकड्यात आणि अक्षरात लिहायची, आकड्याआधी जागा सोडायची नाही. मागच्या महिन्याची चिठ्ठी तारीख खोडून पुन्हा लावली जाते, म्हणून पैसे दिल्याबरोबर चिठ्ठीला पंचने भोक पाडायचं. खाडाखोड झालेली चिठ्ठी फाडायची नाही, तिच्यावर "रद्द" लिहून ती पेटीतच ठेवायची, कारण चिठ्ठ्यांना छापील नंबर आहेत आणि गाळलेला नंबर लगेच दिसतो. ३०० रुपयांपर्यंतचा खर्च मदतनीस स्वतः करू शकतो, वर गेला तर आधी विचारायचं. एकच खर्च २८० आणि २५० असा तोडून दोन चिठ्ठ्यांवर आला तर शनिवारी तो नजरेत भरतो. हमालीचा दर आम्ही बंडलमागे ठरवून गोडाऊनच्या दारावर लिहून ठेवला आहे. आवक पावतीवरच्या बंडलांना दराने गुणलं की हमालीचा आकडा समोर येतो. चहाचे पैसे पेटीतून देणं बंद करून टपरीवाल्याकडे महिन्याचं खातं केलं. रोजच्या दहा-वीस रुपयांच्या चिठ्ठ्यांच्या गर्दीतच खोटी चिठ्ठी लपते, ती गर्दी त्यामुळे गेली.

आता रात्रीची मोजणी. इथे आमचा एक नियम आहे आणि बाकी सगळं त्यावर उभं आहे. मोजणाऱ्याला गल्ल्यात किती असायला हवेत हे आधी कळता कामा नये. संगणकावरचा आकडा आधी दिसला की हात त्या आकड्यापर्यंतच मोजतो. दोनशे कमी असले तर खिशातून घातले जातात, दोनशे जास्त असले तर खिशात जातात, आणि वहीत रोज "बरोबर" लागतं. महिनाभर एकही रुपयाचा फरक न येणारा गल्ला आम्हाला काळजीचा वाटतो. दिवसभर सुट्टे देणाऱ्या माणसाकडून पाच-दहा रुपये इकडेतिकडे होणारच.

शटर अर्धं खाली आलं की काउंटरवरच दोघं मोजतात. नोटा एका तोंडाने लावायच्या, ५०० पासून खाली यायचं, प्रत्येक नोटेची संख्या तक्त्यावर पेनाने लिहायची, मग तीच थप्पी दुसऱ्याने मोजायची. दोघांच्या सह्या झाल्यावर तक्ता मालकाकडे येतो, आणि तेव्हाच संगणकाचा आकडा उघडला जातो. "भाऊ, हिशोब जमना का?" हा प्रश्न काउंटरवरून येतो तेव्हा विचारणाऱ्याला उत्तर खरंच माहीत नसतं. तसंच असायला हवं.

एका दिवसाचा मेळ घालून पाहू. सकाळी सुट्ट्यांसाठी ३,००० ठेवले. रोखीची बिलं ४१,८६०. उधारीची रोख वसुली ६,५००. परत आलेल्या मालाचे दिले ३४०. दुपारी दोनला २०,००० आणि पाचला १५,००० तिजोरीत गेले, दोन्हींच्या चिठ्ठ्या गल्ल्यात आहेत. म्हणजे गल्ल्यात १६,०२० हवेत. तक्त्यावर ५०० च्या २०, २०० च्या ९, १०० च्या २१, ५० च्या १०, २० च्या ११, १० च्या १३ आणि चिल्लर ९० आहे. बेरीज १४,८४०. तूट १,१८० ची.

कुणाकडे बघण्याआधी आकड्याकडे बघायचं. फरक ३०० असेल तर ५०० आणि २०० च्या नोटेत गफलत झाली असण्याची शक्यता मोठी, ४०० असेल तर ५०० आणि १०० मध्ये. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल तर अंक उलटे पडलेत का ते पाहायचं. ५४० चे ४५० लिहिले तर ९० चा फरक पडतो. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर ती चुकीच्या बाजूला गेलेली असू शकते. आणि फरक एखाद्या बिलाइतकाच निघाला, तर त्या बिलाचे पैसे कसे आले ते तपासायचं. इथे १,१८० चं एकच बिल होतं, बॉल व्हॉल्व्हचं. बिलात रोख लिहिलेलं. यूपीआयच्या अॅपमध्ये दिवसभराची जमा २७,४३०, आमच्या यूपीआय बिलांची बेरीज मात्र २६,२५०. फरक तोच, १,१८०. गिऱ्हाइकाने स्कॅन करून दिले होते आणि बिल करताना बोट "रोख" वर पडलं. तूट नव्हतीच. अॅपमधली त्या दिवसाची व्यवहारांची यादीच घ्यायची, बँक खात्यातली जमा नाही, कारण बँकेत पैसे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पडतात.

हाच हिशोब उलटा फिरवला की आजची सर्वांत सोपी चोरी दिसते. गिऱ्हाईक रोख देतं, मदतनीस बिलात यूपीआय लिहितो आणि नोटा खिशात घालतो. रात्री गल्ला रुपयाला रुपया जुळतो, कारण संगणक त्या बिलाची रोकड मागतच नाही. जो दुकानदार फक्त नोटा मोजतो त्याला हे कधीच सापडत नाही. म्हणून नोटांचा मेळ आणि यूपीआयचा मेळ एकाच रात्री, शेजारी शेजारी बसवून घालावा लागतो. यूपीआयच्या पाटीवर दुसराच कोड चिकटवलेला नाही ना, हे सकाळी स्वतःच्या मोबाइलने स्कॅन करून, समोर आलेलं नाव वाचून पाहायचं. गिऱ्हाइकाने दाखवलेल्या स्क्रीनवर बिल सोडायचं नाही. साउंडबॉक्स बोलला किंवा अॅपमध्ये नोंद आली तरच पैसे आले.

रोकड जास्त निघाली तर बरेच जण खूश होतात. आम्ही जास्तीला तुटीइतकंच, कधी त्याहून जास्त गंभीर मानतो. बिल न करता माल विकला आणि पैसे अजून गल्ल्यातच आहेत, याची ती खूण असू शकते. गर्दी ओसरली की ते काढायचे असतात, पण मोजणी आधी झाली. म्हणून आम्ही आठवड्यातून एकदा, वार न ठरवता, दुपारीच गल्ला मोजतो.

बिलच न झालेली विक्री गल्ल्यात सापडणारच नसेल, तर ती मालात शोधावी लागते. सगळा माल रोज मोजणं अशक्य आहे. रोज पाच वस्तू निवडायच्या, लहान आणि चटकन विकणाऱ्या: सोल्युशनची डबी, टेफ्लॉन टेप, ठिबकचे जॉइनर, ग्रोमेट, लहान व्हॉल्व्ह. सकाळी सोल्युशनच्या २४ डब्या, बिलं ७ ची, म्हणजे १७ हव्यात. फळीवर १५ आहेत. एक डबी फुटली असेल किंवा दुकानाच्या कामाला वापरली असेल, म्हणून अशा वापराचीही चिठ्ठी करायची. चिठ्ठी नसताना एकाच वस्तूत तीन-चार दिवस फरक आला, तर त्या वेळी काउंटरवर कोण होतं ते पाहायचं. निवडलेल्या पाच वस्तू आदल्या दिवशी कुणाला सांगायच्या नाहीत.

वसुलीचं वेगळं आहे. केळी किंवा कापसाचे पैसे हातात आले की शेतकरी उधारी चुकती करतो, आणि त्याच दिवसांत एकाचे पैसे वापरून दुसऱ्याच्या पैशांनी ते भरण्याचा खेळ सुरू होतो. खाती हळूहळू एकमेकांवर सरकतात, गल्ला मात्र जुळत राहतो. यावर उपाय दोन. वसुलीच्या पावत्या छापील नंबरच्या आणि कार्बन कॉपीच्या, आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक गिऱ्हाइकाला बाकीचा आकडा मालकाच्या फोनवरून. "भाऊ, मी तर गेल्या आठवड्यातच दिलेत" हे वाक्य ऐकू यायचं असेल, तर तो आकडा वसुली करणाऱ्याच्या हातून जाता कामा नये.

उचलीबद्दल आमचं मत ठाम आहे. गल्ल्यात "५०० घेतले, उद्या टाकतो" अशी चिठ्ठी कुणाचीही चालत नाही, मालकाचीही नाही. पुष्कळ चोऱ्या अशाच उसनवारीने सुरू होतात. गरज प्रत्येकाला असते, म्हणून उचल मागायची सोय ठेवली आहे: तिजोरीतून, वहीत सही करून, पगारातून हप्त्याने वळती. घरच्यांनी पैसे नेले तरी त्याच वहीत सही होते. मालकाच्या घरातलं माणूस न लिहिता हात घालतं, तिथे मदतनिसाला नियम सांगण्याचा तोंडाला अधिकार राहत नाही.

तूट आली म्हणून लगेच पगारातून कापत नाही. कायद्यानेही कामगाराला आधी आपली बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि हयगय त्याचीच होती हे दिसावं लागतं. ५० रुपयांपर्यंतचा फरक "कमी-जास्त" खात्याला टाकतो. तिथे महिन्याचे आकडे एकाखाली एक दिसतात. कधी कमी, कधी जास्त असेल तर ती हाताची चूक. सतत कमी, आणि तेही एकाच माणसाच्या पाळीला, असेल तर बोलायचं, तेही एकट्याला बोलावून, तक्ता समोर ठेवून.

सकाळी गल्ल्यावर बसणारा आधी ते ३,००० मोजून सही करतो, मगच शटर पूर्ण वर जातं. त्यात १०० च्या १५, ५० च्या १४, २० च्या २०, १० च्या ३० आणि १०० ची चिल्लर असते. आठवडे बाजाराच्या दिवशी ५,००० ठेवतो, कारण त्या दिवशी सुट्टे आणायला कुणी शेजारच्या दुकानात पळालं की काउंटर रिकामं पडतं.